ब्रिकेट टनावर नको, उष्णतेवर घ्या : सायझिंग आणि प्रोसेस मालकांना खुले पत्र

प्रति,
इचलकरंजी आणि परिसरातील सायझिंग व प्रोसेस हाउसचे मालक आणि खरेदी विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बॉयलर अटेंडंट म्हणून या धंद्यात आलो आणि आज एका प्रोसेस हाउसचं बॉयलर खातं सांभाळतो. हे पत्र एकाच मागणीसाठी आहे. ब्रिकेट आणि पेलेट टनाच्या दरावर विकत घेणं बंद करा. गाडी गेटवर आली की तिच्यातला ओलावा आणि राख मोजा, आणि जेवढी उष्णता आली तेवढ्याचेच पैसे द्या. ही मागणी आम्ही बॉयलरवाले तोंडी बऱ्याचदा करतो. पण खरेदीच्या टेबलावर दोन कोटेशनं समोर असली की टनामागे सात-आठशे रुपये स्वस्त दिसणारं कोटेशन पास होतं. ते कागदावर स्वस्त आणि भट्टीत महाग कसं पडतं, हे इथे हिशेबासकट मांडतो.

आधी माल काय असतो ते पाहू. ‘ॲग्रो वेस्ट ब्रिकेट’ या एका नावाखाली आपल्याकडे बगॅस, शेंगांची टरफलं, सोयाबीनचा भुसा, लाकडाचा भुसा, भाताचं तूस, मराठवाडा-विदर्भाकडून येणारी पऱ्हाटी आणि तुराट्या असं सगळं येतं. बहुतेक वेळा ते मिसळूनच येतं. हा कच्चा माल बारीक करून प्रेसमध्ये ठोकला की दाबाने आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच डिंकाचं काम करतं. वेगळा चिकट पदार्थ लागत नाही. मोकळा भुसा गाडीत मावत नाही आणि भट्टीत उडतो. त्याची ९० मिलिमीटरची कांडी केली की तो लाकडासारखा हाताळता येतो.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या मालांतलं पाणी आणि राख बाजूला काढली, तर उरलेल्या जळणाऱ्या भागाचा उष्मांक जवळपास सारखाच असतो, किलोला साधारण ४,६०० किलोकॅलरी. माल बदलला तर शे-दोनशे इकडेतिकडे. म्हणजे टरफल असो, पऱ्हाटी असो की बगॅस असो, एका गाडीत आणि दुसऱ्या गाडीत जो मोठा फरक पडतो तो पाणी किती आणि राख किती याचा. सप्लायर ‘आमचा माल वेगळाच आहे’ म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवा.

जळताना मालातल्या हायड्रोजनचंही पाणी होतं आणि ते वाफ होऊन चिमणीतून जातं. ती उष्णता आपल्या बॉयलरला मिळत नाही. ती वजा केली की जळणाऱ्या भागाच्या किलोमागे आपल्या हाती साधारण ४,२५० किलोकॅलरी लागतात. आणि मालात जे पाणी आधीपासून आहे, त्याची वाफ करायला किलोमागे सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात. एवढ्या दोन आकड्यांवर पुढचा हिशेब होतो.

समजा दोन कोटेशनं आली. पहिलं ६,८०० रुपये टन, दुसरं ७,७०० रुपये टन. दर समजण्यासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. पहिल्या गाडीचा माल तपासला तर ओलावा १५ टक्के, राख १५ टक्के. दुसऱ्या गाडीत ओलावा ८ टक्के, राख ६ टक्के. दोन्ही प्रकारच्या गाड्या आपल्याकडे सर्रास येतात.

पहिल्या मालाच्या एका किलोत जळणारा भाग ७०० ग्रॅम. त्याचे २,९७५ किलोकॅलरी. त्यातून १५० ग्रॅम पाण्याची वाफ करायला ९० गेले. उरले २,८८५. दुसऱ्या मालात जळणारा भाग ८६० ग्रॅम, त्याचे ३,६५५, पाण्याचे ४८ वजा, उरले ३,६०७. म्हणजे दुसऱ्या मालाचा एक किलो पहिल्याच्या सव्वा किलोइतकं काम करतो. दरात फरक मात्र सव्वापट नाही, तेरा टक्क्यांचाच आहे.

आता हे वाफेवर नेऊ. दिवसाला २० टन वाफ लागणारं युनिट धरा. फीड वॉटर ६० अंशांना येतंय आणि वाफ १० किलो प्रेशरची आहे, तर एक किलो वाफेला साधारण ६०० किलोकॅलरी द्यावे लागतात. बॉयलर या उष्णतेतली ७५ टक्के वाफेत घालतो असं दोन्ही मालांसाठी सारखंच धरलं, तरी पहिला माल दिवसाला ५,५४६ किलो लागतो आणि दुसरा ४,४३६ किलो. पैशांत पहिला ३७,७०० रुपयांच्या घरात जातो, दुसरा ३४,१५० च्या. टनाला ९०० रुपये ‘वाचवून’ दिवसाला साडेतीन हजार रुपये जास्त गेले. महिन्याचे २५ दिवस धरले तर पाऊण लाखाच्या वर.

राखेचा हिशेब अजून केलेला नाही. पहिल्या मालाची राख दिवसाला ८३० किलो, दुसऱ्याची २६५ किलो. ही राख जाळीवरून ओढायची, थंड करायची, ट्रॉलीत भरायची, कुठेतरी टाकायची. राख ओढताना दार उघडं राहतं, थंड हवा आत जाते, प्रेशर पडतं आणि तिकडे जिगर किंवा ड्रायरवरून फोन येतो. प्रत्यक्षात ओल्या, राखट मालावर बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के राहतच नाही. वर मी ती सारखी धरली ती पहिल्या मालाला सवलत म्हणून.

ओलाव्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्याची वाफ करण्यात जाणारी उष्णता तशी थोडी आहे, वरच्या हिशेबात नव्वदच किलोकॅलरी. मोठा तोटा वेगळाच आहे. तुम्ही पाण्याला ब्रिकेटचा भाव दिलात. १० टनांच्या गाडीत दीड टन पाणी, म्हणजे दहा हजार रुपयांचं पाणी. तिसरा तोटा भट्टीत दिसतो. ओली ब्रिकेट टाकली की ती आधी वाळते, मग पेटते. तोवर भट्टीचं तापमान उतरतं, वायू पूर्ण जळत नाहीत, चिमणी काळी होते. प्रेशर धरण्यासाठी फायरमन अजून माल टाकतो, थर जाड होतो, खालची हवा वर येत नाही, धूर आणखी वाढतो. त्यावेळी चिमणीकडे बघून फायरमनला बोलणी बसतात. त्याच्या हातात काही नसतं.

यावर हमखास एक प्रश्न येतो : साखर कारखाने तर ५० टक्के ओला बगॅस जाळतात, मग आपल्याला १५ टक्क्यांचं काय कौतुक? कारखान्याचा बॉयलर ओल्या बगॅससाठीच बांधलेला असतो. भट्टी उंच, हवा आधी तापवून दिलेली, माल पसरून हवेत उडता-उडता वाळतो. शिवाय बगॅस त्यांच्या घरचा आहे, त्यातल्या पाण्याला ते भाव देत नाहीत. आपल्या दोन-तीन टनी स्मोक ट्यूब बॉयलरची भट्टी बुटकी, जाळी लहान. आणि पाणी आपण विकत घेतो.

मग सप्लायरचा लॅब रिपोर्ट असतोच की, असं तुम्ही म्हणाल. तो रिपोर्ट नीट वाचा. वरच्या पहिल्या मालाचा उष्मांक पूर्ण वाळवलेल्या नमुन्यावर काढला तर तो ३,७९० येईल. तोच माल गाडीतून उतरला तसा, ओलाव्यासकट तपासला तर ३,२२० येईल. दोन्ही आकडे खरे. रिपोर्टमध्ये ‘ड्राय बेसिस’, ‘एअर ड्राइड बेसिस’ की ‘ॲज रिसीव्हड बेसिस’ यांपैकी काय लिहिलंय, ते पाहिल्याशिवाय जीसीव्हीच्या आकड्याला काहीच अर्थ नाही. आपल्याला फक्त ‘ॲज रिसीव्हड’ चालतो, कारण गाडी त्याच अवस्थेत काट्यावर चढते. ड्रायवरून ‘ॲज रिसीव्हड’ आकडा काढायचा असेल तर सोपं आहे : ड्राय बेसिसच्या आकड्याला शंभरातून ओलावा वजा करून गुणा आणि शंभराने भागा. शिवाय रिपोर्ट ज्या नमुन्याचा आहे तो सप्लायरने निवडून दिलेला, आणि बहुतेक वेळा उन्हाळ्यातला. आज गेटवर उभ्या असलेल्या गाडीबद्दल तो काहीही सांगत नाही.

राखेच्या रिपोर्टमध्ये आणखी एक खाच आहे. कोळशाची राख काढताना नमुना ८१५ अंशांवर जाळतात. शेतमालाच्या जळणासाठी ५५० अंशांची पद्धत आहे, कारण त्याच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात आणि ८१५ अंशांवर त्यातले काही उडून जातात, कार्बोनेटही फुटतात. म्हणजे कोळशाच्या पद्धतीने तपासली तर राख खरीपेक्षा कमी दिसते. नेमका तो उडून गेलेला पोटॅशच आपल्या ट्यूबांवर जाऊन बसतो. लॅबला नमुना देताना ‘५५० अंशांवर’ असं लेखी द्या.

आता ओलावा येतो कुठून, हे मी जवळून पाहिलं आहे ते सांगतो. प्रेसमध्ये जाणाऱ्या भुशात ८ ते १२ टक्के ओलावा असेल तर कांडी चांगली बसते. भुसा त्याहून बराच ओला असला की डायमध्ये वाफ धरते आणि कांडी बाहेर पडताना तडकते, कधी फटाक्यासारखा आवाज होऊन माल उडतो. म्हणून प्रेसवाल्याला ओला माल घट्ट ठोकताच येत नाही. यातून गेटवर उभं राहून बरंच ओळखता येतं. कांडीला आडव्या-उभ्या भेगा आहेत, ती हातात घेतली की चकत्या सुटतात, तर भुसा ओलाच ठोकलाय, ड्रायर चालवलेला नाही. कांडी मुळात घट्ट आहे पण बाहेरचा थर फुगलाय, रंग काळपट झालाय, नखाने खरवडलं की भुसा सुटतो, तर पाणी नंतर लागलंय : उघड्यावर ठेवली, ताडपत्रीविना आणली, किंवा काट्याआधी कुणी पाणी मारलं. चांगली कांडी जमिनीवर आपटली तर खणखणीत वाजते आणि स्वच्छ तुटते. ही हातची परीक्षा आहे, पैसे कापायला ती पुरत नाही. तिच्यावरून एवढंच ठरवा की कुठल्या गाडीकडे जास्त लक्ष द्यायचं.

पैसे कापायचे तर ओव्हन हवा. प्रयोगशाळेत असतो तसा छोटा हॉट एअर ओव्हन आणि ग्रॅमचा दशांश दाखवणारा वजनकाटा, एवढंच सामान. डाय आणि केमिकल तपासायला आपल्या बहुतेक प्रोसेस हाउसमध्ये ते आधीच आहे. ब्रिकेट फोडून बारीक करायची, २०० ग्रॅम ताटलीत पसरायची आणि १०५ अंशांवर ठेवायची. तीन तासांनी वजन करायचं, पुन्हा तासभर ठेवून पुन्हा वजन. वजन हलायचं थांबलं की जेवढं घटलं तेवढं पाणी. २०० ग्रॅमचे १७० झाले तर ३० ग्रॅम, म्हणजे १५ टक्के. दोन टोकं टोचून लाकडाचा ओलावा दाखवणारं मीटर मिळतं, त्यावर विसंबू नका. ते ब्रिकेटच्या घट्टपणाने फसतं, आणि कांडीच्या पृष्ठभागाचंच सांगतं.

नमुना मात्र नीट घ्या, नाहीतर ओव्हनचा उपयोग नाही. वरची पोती वाऱ्याने वाळलेली असतात, तळाशी चुरा आणि ओल असते. गाडी खाली होताना सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी माल घ्या, चुराही त्याच प्रमाणात घ्या. सगळं एकत्र फोडून ढीग करा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकीचे टाका, आणि असं करत दोन किलोंवर या. लगेच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. उघड्या ताटात दुपारभर पडलेला नमुना वाळतो आणि सप्लायरला फुकटचा फायदा होतो. अर्धा नमुना ड्रायव्हरची सही घेऊन सीलबंद ठेवा. वाद झाला तर तोच तिसऱ्या लॅबला जाईल.

राखेसाठी मफल फर्नेस लागते, ती सगळ्यांकडे नसते. पण माती किती आहे हे बादलीतही कळतं, आणि बऱ्याच मालांत राखेचा मोठा भाग मातीच असते. शेंगांच्या टरफलाला माती लागलेली असते. पऱ्हाटी मुळासकट उपटली की मुळाशी काळी माती येते. तीच जमिनीलगत कापली तर येत नाही. पाचट रेकने गोळा केलं की त्यात शेतातली माती येते. आणि वजन वाढवायला मुद्दाम घातलेली मातीही असते. पाव किलो ब्रिकेट बादलीभर पाण्यात टाका. वेगळा चिकट पदार्थ घातलेला नसल्यामुळे ती थोड्या वेळात विरघळून मोकळी होते. ढवळा, क्षणभर थांबा, वरचा भुसा पाण्यासकट हळूच ओता. तांदूळ निवळतो तसं चार-पाच वेळा करा. तळाशी जी रेती-माती राहील ती वाळवून तोला. बारीक माती पाण्याबरोबर थोडी निघून जाते, म्हणून प्रत्यक्षात असते त्याहून ही कमीच दिसते. पाव किलोत २० ग्रॅम निघाली तर आठ टक्के माती तुम्ही ब्रिकेटच्या भावाने घेतलीत.

आता राखेची जात. नुसती टक्केवारी पाहून इथे चालत नाही. भाताच्या तुसात राख १५ ते २० टक्के, म्हणजे भरपूर. पण ती जवळपास सगळी सिलिका. ती सहसा वितळत नाही, जाळीवर चिकटत नाही. तिचा त्रास वेगळा : हलकी असल्यामुळे उडते आणि वाळूच्या कागदासारखी घासते. ट्यूबांची टोकं, आयडी फॅनची पाती, सायक्लोनचा पत्रा झिजतो. उलट पाचट, गव्हाचं काड, सोयाबीनचा काही माल यांत राख निम्मीच असते, पण तिच्यात पोटॅश असतो. नुसती वाळू वितळायला १,७०० अंश लागतात. तीच वाळू पोटॅशबरोबर आली की मिश्रण ८०० अंशांच्याही खाली मऊ व्हायला लागतं. आपल्या भट्टीत जाळीजवळ त्याहून जास्त तापमान असतं. म्हणून पोटॅशवाला माल आणि शेतातली माती एकत्र आली की जाळीवर काचेसारखे पापुद्रे धरतात. हेच क्लिंकर.

क्लिंकर धरतोय हे लवकर कळतं, पाहणारा हवा. आग जाळीवर सारखी न राहता एका बाजूला सरकते. तिथून हवा येते, बाकीची जाळी बंद झालेली असते. राख ओढताना भुगा येण्याऐवजी ढेकळं आणि पोळ्या येतात, तोडून पाहिलं तर आत चकाकी दिसते. तेच क्षार पुढे वायूबरोबर जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या पासच्या ट्यूबांत बसतात. मग चिमणीचं तापमान चढू लागतं. सफाई केल्यावर १८० अंश असलेला आकडा त्याच लोडवर २२५ दाखवू लागला, तर समजा दोन टक्के कार्यक्षमता गेली. साधारण २२ अंशांना एक टक्का असा आमचा ठोकताळा आहे. हा आकडा दर पाळीत लॉगबुकात लिहिलेला असतो. खरेदी विभागाने तो महिन्यातून एकदा तरी, कुठल्या सप्लायरचा माल त्यावेळी चालू होता याच्या शेजारी ठेवून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यावर उपाय म्हणजे पोटॅशवाला माल पूर्ण बंद करणं, असं मी म्हणत नाही. तो लाकडाच्या भुशात किंवा बगॅसमध्ये मर्यादित प्रमाणात मिसळलेला असेल तर चालतो. थर पातळ ठेवला, जाळीखालची हवा आटोक्यात ठेवून वरची हवा वाढवली, तर जाळीजवळ तापमान कमी राहतं. शेतात एक-दोन पाऊस खाल्लेल्या काडातला पोटॅश आणि क्लोरीन बराचसा धुऊन जातो, असं काड नंतर नीट वाळवून घेतलं तर ते ताज्या काडापेक्षा भट्टीला बरं. पण हे सगळं करायचं तर कांडीत काय घातलंय ते आम्हाला माहीत हवं. म्हणून कोटेशनमध्ये ‘ॲग्रो वेस्ट’ एवढ्यावर न थांबता कुठला माल किती टक्के, हे लिहून मागा, आणि मिश्रण बदलणार असेल तर आधी कळवण्याची अट घाला.

आता दराचं सूत्र. पायाभूत माल म्हणून ८ टक्के ओलावा आणि ६ टक्के राख धरू आणि त्याचा दर ठरवू. वरच्याच हिशेबावरून, ओलावा एक टक्का वाढला की हाती लागणारी उष्णता सुमारे १.३५ टक्के घटते. राख एक टक्का वाढली की १.१८ टक्के घटते, सोयीसाठी १.२ धरा. ७,७०० च्या दरावर ओलाव्याच्या प्रत्येक जादा टक्क्याला १०४ रुपये आणि राखेच्या प्रत्येक जादा टक्क्याला ९२ रुपये टनामागे कापायचे. पहिल्या गाडीला हे लावून पाहा. ओलावा सात टक्के जादा, राख नऊ टक्के जादा; कपात साधारण १,५५० रुपये. म्हणजे त्या मालाचा न्याय्य भाव ६,१५० च्या आसपास होता आणि आपण ६,८०० दिले. राख उचलण्याचा खर्च यात धरलेला नाही, तो तुम्ही तुमच्या दराने घाला.

पायाभूत मालापेक्षा माल चांगला आला तर त्याच दराने जादा पैसेही द्या. हे मी आग्रहाने सांगतो. ड्रायर चालवणाऱ्या प्रेसवाल्याचा खर्च जास्त होतो, पऱ्हाटी कापून आणायला मजूर जास्त लागतात, आणि आज त्याला त्याचं काहीच मिळत नाही. उघड्यावर माल ठेवणारा त्याच्यापेक्षा पाचशे रुपयांनी कमी बोलतो आणि ऑर्डर घेऊन जातो. मग चांगला माणूसही ड्रायर बंद ठेवतो. मालाचा दर्जा खालावला अशी तक्रार आपण करतो, पण तो आपल्याच खरेदीने खालावला आहे.

कपातीला वरची मर्यादाही हवी. ओलावा १५ किंवा राख १५ टक्क्यांच्या पुढे असेल तर गाडी परत, कारण त्या पुढचं नुकसान नुसत्या पैशांत भरून येत नाही. शेतमालाच्या पेलेटसाठी आयएसओ १७२२५-६ या मानकात वरच्या ‘अ’ वर्गाला १२ टक्के ओलावा आणि ६ टक्के राख, तर ‘ब’ वर्गाला १५ आणि १० अशी कमाल मर्यादा आहे. म्हणजे राखेत माझा पाया फार कडक नाही आणि परतीची रेषा तर सैलच आहे. पेलेट घेणाऱ्यांनी एवढं पाहावं की पेलेट बारीक असल्यामुळे ओल लवकर धरतो, आणि एकदा भुगा झाला की स्क्रू फीडरमध्ये अडकतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण जून ते सप्टेंबर आपण स्वतःच माल बिघडवतो. चांगली ८ टक्क्यांची कांडी जुलैच्या दमट हवेत उघड्या शेडखाली पडून राहिली तर पाऊस थेट न लागताही ओल धरते. सिमेंटच्या कोब्यावर टेकलेला खालचा थर आधी भुसा होतो. लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हात-दीड हात सोडून थप्पी लावा. वाऱ्याच्या बाजूने आडोसा करा, ताडपत्री मालावर चिकटून न टाकता वर अंतर ठेवून बांधा, आणि आधी आलेला माल आधी वापरा. ओला चुरा ढिगात दाबून ठेवू नका, तो आतून तापतो आणि कधी पेटतोही. जमल्यास मेअखेर तीन-चार आठवड्यांचा चांगला कोरडा साठा भरून ठेवा. त्यावेळी दर थोडा जास्त असला तरी ऑगस्टमध्ये भिजलेली गाडी घेण्यापेक्षा तो स्वस्त पडतो, हे वरच्या सूत्राने कुणीही तपासून पाहावं.

एकट्या युनिटने अटी घातल्या तर सप्लायर गाडी शेजारच्या गेटवर नेतो. म्हणून हे पत्र सगळ्यांना मिळून लिहिलं आहे. तुमच्या संघटनेने एक मफल फर्नेस आणि एक ओव्हन घेऊन एखाद्या जागी सामायिक तपासणी सुरू केली, आणि सगळ्यांच्या पर्चेस ऑर्डरवर ओलावा, राख, नमुना आणि कपातीच्या त्याच चार ओळी छापल्या, तर मालात फरक दिसायला एक हंगाम पुरेल.

तोवर आपापल्या युनिटात एवढं करून पाहा. एक महिना प्रत्येक गाडीचा ओलावा ओव्हनवर काढा, बादलीतली माती तोला, आणि त्या त्या गाडीवर किती किलो मालात किती किलो वाफ झाली ते लिहा. स्टीम मीटर नसेल तर फीड वॉटरच्या साध्या मीटरवरून ब्लोडाउन वजा करून काढा. ५ टक्के इकडेतिकडे झाले तरी चालेल. चांगल्या मालावर किलोमागे साडेचार किलो वाफ आणि राखट मालावर साडेतीनच्या आसपास, हा फरक तेवढ्या ढोबळ मापातही लपत नाही. महिना संपला की गाडीनिहाय दर भागिले वाफ असा एक रकाना काढा, आणि पुढच्या महिन्याची ऑर्डर त्या रकान्यावरून द्या. हे आकडे काढण्यासाठी फायरमनला कागद, पेन आणि अर्धा तास लागेल. तो वेळ त्याला द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक बॉयलर इन्चार्ज, इचलकरंजी